जेके फ्लिप-फ्लॉपचं सर्किट दिलं असेल तर समीकरणांपासून स्टेट डायग्रामपर्यंत कसं जायचं?

प्रश्न: सर्किटमध्ये A आणि B असे दोन जेके फ्लिप-फ्लॉप आहेत, दोघांना एकच क्लॉक आहे. A च्या J ला x आणि B चं अँड, B च्या J ला x आणि A-बार यांचं अँड, दोन्ही K थेट x ला. आउटपुट y म्हणजे x आणि A चं अँड. J-K ची समीकरणं मला लिहिता येतात, पण तिथून स्टेट टेबल करताना दरवेळी वेगळंच उत्तर येतं. क्रमाने कसं करायचं, आणि आलेलं उत्तर बरोबर आहे हे ताडून कसं पाहायचं?

उत्तर:

दरवेळी वेगळं उत्तर येतं याचं कारण बहुतेक वेळा बूलियन बीजगणितात नसतं. दोन वेगळ्या क्षणांच्या किमती एकाच ओळीत मिसळतात, तिथे घोळ होतो. क्लॉकची एज येण्याच्या अगदी आधी तारांवर जे आहे ते "आत्ता". एज गेल्यावर फ्लिप-फ्लॉपवर जे दिसतं ते "नंतर". या सर्किटमध्ये A, B, x, चारही J-K आणि y, हे सगळं "आत्ता"चं आहे. "नंतर"च्या गोष्टी फक्त दोन: A+ आणि B+. कोणतीही किंमत लिहिण्याआधी ती यातल्या कुठल्या बाजूची आहे हे ठरवलंत, तर पुढचं सगळं काम निव्वळ हिशेबाचं उरतं.

सुरुवात आकृती वाचण्यापासून. सर्वांत आधी क्लॉकच्या तारा बोटाने माग काढत पाहा. दोन्ही फ्लिप-फ्लॉपना खरोखर एकच क्लॉक जातोय का? इथे जातोय, म्हणून पुढची पद्धत लागू पडते. B चा क्लॉक A च्या Q वरून घेतलेला असता तर ते रिपल सर्किट झालं असतं. मग B चं समीकरण दर क्लॉकला लागू झालं नसतं, A वर योग्य दिशेची एज येईल तेवढ्याच वेळी लागू झालं असतं. ही तपासणी दहा सेकंदांची आहे, आणि ती सुटली तर पुढचं सगळं टेबल वाया जातं.

मग प्रत्येक J आणि K पासून मागे मागे जात गेटपर्यंत पोचा आणि इनपुट समीकरणं लिहा:

```
JA = x B        KA = x
JB = x A'       KB = x
y  = x A
```

इथे सर्वांत जास्त लक्ष JB वर द्या. तिथे A नाही, A' आहे. आकृतीत Q आणि Q-बारच्या तारा शेजारून निघतात, एकमेकींना छेदतात, आणि छेदणाऱ्या जागी ठिपका आहे की नाही यावर सगळं अवलंबून असतं. ठिपका असेल तर जोड, नसेल तर नुसतं ओलांडणं. ही तार चुकीची वाचली तर काय होतं आणि ते कसं उघडकीला येतं, हे पुढे तपासणीच्या वेळी दाखवतो.

आता मधली पायरी, जी बहुतेक जण गाळतात. J आणि K म्हणजे पुढची स्थिती नव्हे. त्या फ्लिप-फ्लॉपला दिलेल्या आज्ञा आहेत. डी फ्लिप-फ्लॉपमध्ये ही पायरी दिसत नाही, कारण तिथे D वर जे असतं तेच एजनंतर Q वर येतं. त्या सवयीने जेके सर्किटमध्येही JA ची किंमत थेट A+ च्या रकान्यात लिहिली जाते, आणि तिथेच वाट चुकते.

जेकेचं कॅरेक्टरिस्टिक समीकरण असं आहे:

```
Q+ = J Q' + K' Q
```

हे पाठ करण्यापेक्षा असं वाचा. Q आत्ता 0 असेल तर दुसरं पद नाहीसं होतं आणि उरतो फक्त J. म्हणजे शून्यावर असलेल्या फ्लिप-फ्लॉपला K काय आहे याने काही फरक पडत नाही. J एक असेल तर तो एक होईल, नाहीतर शून्यावरच राहील. Q आत्ता 1 असेल तर पहिलं पद नाहीसं होतं आणि उरतो K'. म्हणजे K शून्य असेल तर तो एकवरच टिकेल, K एक असेल तर खाली येईल. होल्ड, रिसेट, सेट, टॉगल हे चारही प्रकार या दोन वाक्यांत येतात. टेबल भरताना हेच वापरलं की वेळ निम्मा लागतो: फ्लिप-फ्लॉप 0 वर असेल तर फक्त J बघा, 1 वर असेल तर फक्त K बघा.

एक सावधगिरी इथेच सांगतो. एक्सायटेशन टेबल, म्हणजे 0 वरून 1 वर जायचं तर J=1 आणि K काहीही चालेल अशा ओळींचं टेबल, या कामासाठी नाही. ते डिझाइनसाठी आहे. तिथे आधीची आणि नंतरची स्थिती माहीत असते आणि J-K शोधायचे असतात. इथे उलट आहे: J-K माहीत आहेत, नंतरची स्थिती शोधायची आहे. विश्लेषण करताना कागदावर कुठेही "काहीही चालेल" अशी फुली आली, तर तुम्ही चुकीचं टेबल उघडलंय असं समजा.

आता समीकरणांत किमती घाला. कंस टाकूनच घाला, विशेषतः K च्या पूरकाला:

```
A+ = (xB) A'  + (x)' A = x A' B  + x' A
B+ = (xA') B' + (x)' B = x A' B' + x' B
```

या सर्किटमध्ये K साधा x आहे, म्हणून पूरक घेणं सोपं गेलं. K मध्ये `x + B` असं काही असतं, तर K' हे `x' B'` होतं, `x' + B'` नव्हे. डी मॉर्गनचा नियम सगळ्यांना येतो, पण घाईत बेरजेचा गुणाकार करायचा राहून जातो. कंस लिहिला की तो विसरायला होत नाही. K ला कायमचा 1 जोडलेला असेल तर K' शून्य होतो आणि दुसरं पद पूर्ण गळून पडतं. तेही स्पष्ट लिहा, मनातल्या मनात गाळू नका.

टेबलाला हात लावण्याआधी ही दोन समीकरणं नुसती वाचून पाहा. दोन्हींत `x'` असलेलं पद एकटं उभं आहे: `x' A` आणि `x' B`. म्हणजे x शून्य असेल तर A+ म्हणजे A आणि B+ म्हणजे B. सर्किट जागचं हलत नाही. सगळी हालचाल x एक असतानाच. टेबलाच्या आठपैकी चार ओळी इथेच कळल्या, आणि पुढे टेबलात x=0 च्या कुठल्याही ओळीत स्थिती बदललेली दिसली तर चूक झाल्याचं लगेच लक्षात येईल.

ओळी किती? दोन फ्लिप-फ्लॉप आणि एक इनपुट, म्हणजे दोनाचा तिसरा घात, आठ. A B x या क्रमाने 000 पासून 111 पर्यंत आधी डावे तीन रकाने पूर्ण भरून घ्या आणि मग उजवीकडे सरका. शिकताना J-K चे चार रकाने ठेवाच. समीकरणातून आलेली A+ आणि J-K वरून आलेली A+ या दोन स्वतंत्र वाटा आहेत. दोन्ही जुळल्या तर त्या ओळीत चूक राहण्याची शक्यता फार कमी उरते.

```
A B x | JA KA JB KB | A+ B+ | y
0 0 0 |  0  0  0  0 |  0  0 | 0
0 0 1 |  0  1  1  1 |  0  1 | 0
0 1 0 |  0  0  0  0 |  0  1 | 0
0 1 1 |  1  1  1  1 |  1  0 | 0
1 0 0 |  0  0  0  0 |  1  0 | 0
1 0 1 |  0  1  0  1 |  0  0 | 1
1 1 0 |  0  0  0  0 |  1  1 | 0
1 1 1 |  1  1  0  1 |  0  0 | 1
```

यातली 1 0 1 ही ओळ जवळून पाहू, कारण "दरवेळी वेगळं उत्तर" बहुधा इथूनच येत असणार. आत्ता A=1, B=0, x=1. A एकवर आहे, म्हणून KA बघा: x=1, म्हणजे KA=1, A खाली येणार, A+=0. आता B. तो शून्यावर आहे, म्हणून JB बघा: `x A'`. इथे A ची कुठली किंमत घ्यायची? तुम्ही आत्ताच शेजारच्या रकान्यात A+=0 लिहिलंय, शाई अजून ओली आहे, आणि नजर तिकडेच जाते. ती नवी किंमत घेतली तर A'=1, JB=1, आणि B+=1 येतो. पुढची स्थिती 01 होते. पण एज आली त्या क्षणी A एकच होता. A'=0, JB=0, म्हणून B+=0, आणि पुढची स्थिती 00. या एका चुकीने सर्किटचा स्वभावच बदलतो: 00, 01, 10 आणि मग परत 00 असं न होता ते 01 आणि 10 मध्येच घुटमळताना दिसतं.

गंमत अशी की 0 1 1 या ओळीत तीच चूक केली तरी उत्तर बरोबर येतं. तिथे B एकवर आहे, फक्त KB बघायचा आहे, आणि KB मध्ये A नाहीच. म्हणून ही सवय चुकीची आहे हे बरेच दिवस लक्षातच येत नाही. उपाय साधा आहे: A+ चा रकाना भरून झाला की त्यावर कागदाची पट्टी ठेवून झाका आणि मगच B+ भरा.

प्रत्यक्ष चिपमध्येही नेमकं असंच घडतं. एज आल्यावर A चं आउटपुट बदलायला काही नॅनोसेकंद लागतात, आणि पुढे ते गेटमधून B च्या J पर्यंत पोचायला आणखी काही. तोपर्यंत B ने आपला निर्णय जुन्या किमतीवर घेऊन टाकलेला असतो. 74LS76A या जेके फ्लिप-फ्लॉपचा होल्ड टाइम शून्य आहे, म्हणजे एज झाल्यानंतर J-K टिकून राहण्याची त्याला गरजच नाही. म्हणून दोन्ही फ्लिप-फ्लॉप एकमेकांच्या जुन्या किमती बघून एकाच वेळी उडी मारू शकतात.

आता y. तो `x A` आहे आणि हा A डाव्या रकान्यातला, आत्ताचा. 0 1 1 या ओळीत A+ एक आहे म्हणून y=1 लिहिण्याचा मोह होतो, पण आत्ता A शून्य आहे, म्हणून y शून्यच. y चा रकाना अगदी उजवीकडे, A+ च्या शेजारी येतो, आणि ही मांडणीच फसवते. मी तर म्हणेन, y आधी भरा आणि नेक्स्ट स्टेट नंतर.

डायग्राम काढण्याआधी टेबल आवळून घ्या. प्रत्येक स्थितीची एकच ओळ, आणि x च्या दोन किमतींसाठी दोन रकाने:

```
AB | x=0    | x=1
00 | 00 / 0 | 01 / 0
01 | 01 / 0 | 10 / 0
10 | 10 / 0 | 00 / 1
11 | 11 / 0 | 00 / 1
```

तिरक्या रेघेच्या डावीकडे पुढची स्थिती, उजवीकडे y. आता चार वर्तुळं काढा, आत 00, 01, 10, 11 लिहा. वरच्या टेबलाचा एक चौकोन म्हणजे एक बाण. बाणावर `x/y` असं लिहायचं, आधी इनपुट, मग आउटपुट:

```
00 --0/0--> 00      00 --1/0--> 01
01 --0/0--> 01      01 --1/0--> 10
10 --0/0--> 10      10 --1/1--> 00
11 --0/0--> 11      11 --1/1--> 00
```

y बाणावर का लिहायचा? कारण तो x वरही अवलंबून आहे, सर्किट मिली प्रकारचं आहे. एकाच 10 स्थितीत x प्रमाणे y शून्यही असतो आणि एकही, म्हणून तो वर्तुळात लिहिताच येत नाही. आउटपुट नुसतं `y = A` असतं, तर ते मूर सर्किट झालं असतं, y वर्तुळातच 10/1 असा लिहिला असता आणि बाणावर फक्त x राहिला असता. आउटपुटच्या समीकरणात इनपुट आहे की नाही, एवढं बघून हे ठरतं.

आता ताडून पाहणं. पहिली गोष्ट बाण मोजा. एक इनपुट आहे, म्हणून प्रत्येक वर्तुळातून नेमके दोन बाण बाहेर पडले पाहिजेत, एक x=0 चा आणि एक x=1 चा. स्वतःकडेच वळणारा बाणही यात धरायचा. चार वर्तुळं, आठ बाण. आत येणाऱ्या बाणांवर असं बंधन नाही: इथे 00 मध्ये तीन येतात, 11 मध्ये त्याचा स्वतःचा सोडून एकही येत नाही, आणि त्यात काही चूक नाही.

दुसरी गोष्ट, डायग्रामला काही अर्थ लागतो का ते बघा. इथे तो चांगला लागतो. 00 पासून निघा. x शून्य असेल तर जागेवर थांबा, एक असेल तर पुढच्या घरात जा. तिसऱ्या एकला परत 00 वर येता, आणि त्या वेळी y=1. म्हणजे हा तीनपर्यंत मोजणारा काउंटर आहे, x हा त्याचा इनेबल, y म्हणजे हातचा. एक इनपुट क्रम चालवून पाहू:

```
x     : 1  0  1  1  0  1  1  1
स्थिती : 00 01 01 10 00 00 01 10
y     : 0  0  0  1  0  0  0  1
```

आठव्या क्लॉकनंतर सर्किट पुन्हा 00 वर आहे. सहा एक आले, दोनदा y उगवला, हिशेब बसला.

आता सुरुवातीला सोडलेली गोष्ट. JB मध्ये A' च्या जागी चुकून A वाचला असता तर? B+ झालं असतं `x A B' + x' B`. 00 वर असताना x=1 दिला तरी A+ शून्य आणि B+ ही शून्य. x=0 ला तर ते जागचं हलतच नाही. म्हणजे 00 मधून निघणारे दोन्ही बाण परत 00 वरच. रिसेट केल्यावर ज्या स्थितीतून सर्किट कधीच बाहेर पडत नाही असं सर्किट कुणी मुद्दाम काढत नाही. असा बाण दिसला की टेबल पुन्हा मांडत बसू नका, आकृतीकडे परत जा आणि Q, Q-बारच्या तारा पुन्हा वाचा. अर्थ न लागणारी डायग्राम बहुतेक वेळा वाचनातली चूक दाखवते.

11 या स्थितीवर थोडं थांबायला हवं. 00 पासून निघाल्यास तिथे कधीच जाता येत नाही, म्हणून बरेच जण ती गाळून तीनच वर्तुळं काढतात. ते चुकीचं आहे. दोन फ्लिप-फ्लॉप आहेत म्हणजे चार स्थिती आहेतच, आणि वीज चालू केल्यावर फ्लिप-फ्लॉप कुठल्या स्थितीत उठेल याचा भरवसा नसतो. 11 मध्ये उठला तर? x एक झाला की तो 00 वर येतो, म्हणजे कायमचा अडकत नाही. पण x शून्य असेपर्यंत 11 मध्येच बसून राहतो. "दोन-चार क्लॉक गेले की आपोआप मार्गी लागेल" असं इथे म्हणता येत नाही. कितीही क्लॉक द्या, x एक झाल्याशिवाय तो हलणार नाही. सर्किट सेल्फ-स्टार्टिंग आहे असं लिहायचं असेल तर ही अट सोबत लिहा.

आता आवळलेल्या टेबलात 10 आणि 11 या ओळी शेजारी ठेवून बघा. x=0 ला दोन्ही आपापल्या जागी थांबतात आणि y शून्य. x=1 ला दोन्ही 00 वर जातात आणि y एक. बाहेरून फक्त x आणि y बघणाऱ्याला सर्किट 10 मध्ये आहे की 11 मध्ये, हे कधीच ओळखता येणार नाही. या दोन समतुल्य स्थिती आहेत. त्यामुळे 11 मध्ये उठण्याचा परिणाम 10 मध्ये उठण्यासारखाच: तिसऱ्या एकला यायचा तो y पहिल्याच एकला येतो, आणि त्यानंतर मोजणी सुरळीत होते. म्हणजे दोष 11 चा एकट्याचा नाही. 01 किंवा 10 मध्ये उठलं तरी पहिली मोजणी चुकते. म्हणून क्लिअर पिन काही क्षण शून्यावर नेऊन 00 पासून सुरुवात करायलाच हवी. 74LS76A मध्ये क्लिअर आणि प्रीसेट दोन्ही शून्यावर काम करतात, म्हणून एरवी त्या 1 ला बांधून ठेवायच्या, लोंबकळत सोडायच्या नाहीत.

हे सर्किट ब्रेडबोर्डवर लावलंत तर टेबल बरोबर असूनही तीन ठिकाणी ते खोटं वाटू शकतं, आणि तिन्ही ठिकाणी मूळ प्रश्न "आत्ता कधी" हाच आहे.

पहिलं ठिकाण y. तो गेटमधून थेट येतो, त्याला क्लॉकची वाट पाहायची नसते. समजा सर्किट 01 मध्ये आहे आणि x=1. एज आली, A एक झाला, स्थिती 10. पण x अजून एकच आहे, तो जरा वेळाने शून्य होणार आहे. तेवढ्या वेळात `x A` एक होतो आणि y वर एक खोटा पल्स दिसतो. टेबलाप्रमाणे 0 1 1 ला y शून्य होता, आणि पुढच्या क्लॉकला 1 0 0 लाही शून्यच असणार आहे, तरी मध्ये एलईडी चमकून जातो. टेबलातला y हा एजच्या अगदी आधीचा y आहे, तिथेच तो वाचायचा. तो पुढे दुसऱ्या कशाला क्लॉक म्हणून जोडलात तर ही चमकही मोजली जाईल. तसं करायचं असेल तर y एका डी फ्लिप-फ्लॉपमधून घ्या. एक क्लॉक उशिरा येईल, पण स्वच्छ येईल.

दुसरं ठिकाण चिपच्या नावातली दोन-तीन अक्षरं. साधा 7476 आणि 74LS76A यांच्या पिना त्याच, पण स्वभाव वेगळा. 74LS76A क्लॉकच्या उतरत्या एजला J-K बघतो, आणि त्याआधी २० नॅनोसेकंद त्या स्थिर असाव्या लागतात. x गेटमधून जातो, म्हणून गेटचा विलंबही त्यात धरायचा. साधा 7476 मात्र मास्टर-स्लेव्ह प्रकारचा आहे: क्लॉक वर असताना सबंध वेळ त्याचा मास्टर उघडा असतो. सर्किट 00 मध्ये आहे, क्लॉक वर आहे, x क्षणभर एक होऊन परत शून्य झाला. एज येईपर्यंत x शून्यच आहे, तरी मास्टरने तो एक पकडून ठेवलेला असतो आणि उतरत्या एजला B एक होतो. टेबल सांगतं 00, आणि बोर्ड दाखवतो 01. दोन्ही चिपना चालेल असा नियम हा: x बदलायचा तो क्लॉक खाली असतानाच, आणि तो पुन्हा वर जाण्याच्या आधी.

तिसरं ठिकाण x ला जोडलेलं बटण. हे सर्किट बटण किती वेळा दाबलं ते मोजत नाही. x एक असताना किती एज गेल्या ते मोजतं. डायग्रामवरचा प्रत्येक बाण म्हणजे एक क्लॉक, एक दाब नव्हे. क्लॉक १ किलोहर्ट्झचा असेल आणि बटण ०.२ सेकंद दाबून ठेवलं, तर २०० एज मोजल्या जातात. दोनशेला तीनने भागलं की बाकी दोन उरते, म्हणजे 00 पासून निघालेलं सर्किट एका दाबात 10 वर जाऊन थांबलेलं दिसेल, आणि दाबण्याचा वेळ जरा बदलला की वेगळीच स्थिती दिसेल. टेबल तपासायचं असेल तर क्लॉकच एका डीबाउन्स केलेल्या बटणावरून हाताने द्या, x साठी साधा स्विच ठेवा, आणि प्रत्येक क्लॉकआधी y लिहून घ्या, क्लॉकनंतर A आणि B.